यंदाचा नफा कुणाला किती
(सोसायटीच्या वार्षिक सभेतील अध्यक्षांचे भाषण)

यंदा भाताच्या खरेदीविक्रीत सोसायटीला 80,000 रुपये निव्वळ नफा झाला. तो घरटी सारखा वाटा, असं काहींचं म्हणणं आहे. तसं का करत नाही, ते सांगतो.

1960 च्या सहकार कायद्याप्रमाणे नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. म्हणजे 20,000 बाजूला. भाव पडला, तोटा आला, तर हीच आपली गंगाजळी. शेअरवरचा लाभांश शेकडा 15 च्या वर देता येत नाही. आम्ही 10 सुचवतो. भागभांडवल एक लाख आहे, तेव्हा त्यात 10,000 जातील.

राहिले 50,000. ते ज्यानं जेवढं भात सोसायटीला घातलं, त्या मानानं. एकंदर हजार क्विंटल आलं, म्हणून क्विंटलमागे 50 रुपये. शंभराचा एकच शेअर असलेल्या बाईनं 10 क्विंटल घातलं असेल, तर तिला 500 आणि लाभांशाचे 10 मिळतील. वीस शेअर धरून सगळं भात व्यापाऱ्याला देणाऱ्याला फक्त 200. त्याला राग येईल; पण हा नफा त्याच्या भातातून आलेला नाही.

मात्र पैसे वहीतल्या नावाला जातात. काही सभासद बायकांनी डोक्यावरून आणलेलं भात नवऱ्याच्या नावावर चढलंय. वही इथं टेबलावर आहे. आपली पावती तिच्याशी ताडून बघा, चूक असेल तर चिटणिसांना आत्ताच सांगा. मग ठराव मताला टाकू.