जांभळ्या पानाची चित्रफीत
(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शालेय विज्ञानाच्या ज्या चित्रफिती हल्ली आपल्या पाहण्यात येतात, त्यांतला सूक्ष्मदर्शकाचा भाग बहुधा एकाच धाटणीचा असतो. पडद्यावर कडेने काळवंडलेले एक थरथरते वर्तुळ उमटते, निवेदन करणारा विद्यार्थी ‘ही पेशी’ म्हणून सांगतो, आणि प्रेक्षकाने ते केवळ त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून मान्य करायचे असते. माझे मत असे आहे की, निवेदनाचा आवाज बंद केल्यावर ज्या चित्रातून काहीही शाबीत होत नाही, ते चित्र विज्ञानाच्या दफ्तरात दाखल करण्यालायक नव्हे. हे मत नुसते मांडून न थांबता, एकच प्रयोग घेऊन तो फोनच्या साहाय्याने कसा टिपावा, एवढ्यापुरतेच आजचे विवेचन मर्यादित ठेवण्याचा माझा विचार आहे.

तो प्रयोग म्हणजे ऱ्हिओच्या पानातील रससंकोच. बागेच्या वाफ्यांना कड म्हणून लावलेली, वरून हिरवी आणि खालून गडद जांभळी पाने असलेली ही वनस्पती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ह्यूगो द फ्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1884 साली पेशींतील परासरणाचा दाब मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यासाठी त्याने निवडलेल्या थोड्या वनस्पतींत हीदेखील होती, आणि त्या निवडीचे कारण आजही तितकेच सबळ आहे. पानाच्या खालच्या अपित्वचेतील पेशींच्या रिक्तिकांत जांभळा रंग विरघळलेला असतो. त्यामुळे पेशीतून पाणी बाहेर पडू लागले की आतील जीवद्रव्य आकसते आहे हे रंगाच्या आकुंचनावरूनच दिसते, वेगळे रंजक घालावे लागत नाही. कांद्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात हीच क्रिया घडते खरी, पण ती ओळखण्यास सरावलेली नजर लागते. कॅमेऱ्याला ती नसते.

चित्रफितीचा आरंभ अर्थातच पानापासून व्हावा, आणि तेथे फोनला चिमट्याने लावण्याच्या भिंगाचा उपयोग आहे. हे भिंग म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरलेले एक साधे बहिर्गोल भिंग, यापलीकडे त्यात काही गूढ नाही. वस्तू त्याच्या नाभीपाशी ठेवली की प्रतिमा स्पष्ट होते, आणि हे अंतर नेहमीच्या भिंगांत दोन-अडीच सेंटीमीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असते. इतक्या जवळ फोन नेला म्हणजे त्याचीच सावली पानावर पडते. म्हणून उजेड एका बाजूने, तिरका येईल अशी तजवीज करावी. शिवाय एका वेळी स्पष्ट दिसणारा थर इतका पातळ असतो की पान जरासे वाकडे असले तरी त्याचे एक टोक धूसर होते. पान काचपट्टीवर सपाट चिकटवून, फोन दोन पुस्तकांवर आडवा टेकवून, पडद्यावर बोट टेकण्याऐवजी पानच किंचित वरखाली करून स्पष्टता साधावी, हे उत्तम. अलीकडच्या फोनना दोन-तीन कॅमेरे असतात आणि वस्तू जवळ आली की फोन आपल्याला न विचारता एकातून दुसऱ्यात उडी मारतो. मग भिंग एकावर आणि चित्र भलत्याच कॅमेऱ्यातून, असा प्रकार होतो. एकेका कॅमेऱ्यावर बोट ठेवून पडदा कोणत्या वेळी काळा होतो ते पाहावे आणि जवळच्या दृश्यासाठी आपोआप कॅमेरा बदलण्याची सोय बंद करून टाकावी. या भिंगातून पानाचा जांभळा पृष्ठभाग, त्याचा तिरका फाडलेला काठ आणि त्या काठाला लोंबणारा पारदर्शक पापुद्रा एवढे दिसले की त्याचे काम झाले. पेशींतील घडामोड दाखविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आता सूक्ष्मदर्शकाकडे वळू. फोन नेत्रिकेवर टेकवला की काळे वर्तुळ का दिसते आणि हात जरा हलला की सगळेच का नाहीसे होते, याचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. नेत्रिकेतून बाहेर पडणारे सर्व किरण तिच्या किंचित वर एका लहानशा चकतीतून जातात; एकूण वर्धन शंभर पट असताना या चकतीचा व्यास मिलिमीटरभराच्या आसपास असतो. कॅमेऱ्याचे भिंग नेमके त्या ठिकाणी असले तर संपूर्ण क्षेत्र दिसते. ते वर, खाली वा बाजूला सरकले की कडा काळवंडतात. ही जागा अंदाजाने शोधीत बसण्याचे प्रयोजन नाही. दिवा लावून नेत्रिकेवर पातळ पांढरा कागद धरावा आणि सावकाश वर न्यावा. त्यावरील प्रकाशाचा ठिपका लहान लहान होत जातो, एका उंचीवर तो सर्वांत लहान व रेखीव होतो, आणि पुढे पुन्हा पसरू लागतो. ती उंची बहुधा सेंटीमीटरभर, कित्येकदा त्याहून कमी असते. तेवढी उंची साधेल अशी पुठ्ठ्याची घट्ट नळी नेत्रिकेभोवती बसवून तिच्यावर फोन पक्का बांधला की बाजारातील अडकणीचे काम फुकटात होते. मग उरलेली काळी कड चौकटीबाहेर जाईल इतपतच चित्र मोठे करावे. त्यापुढे कितीही ताणले तरी वस्तुभिंगाने जो तपशील दिला नाही तो फोन कोठून आणणार!

यानंतरचा बंदोबस्त उजेडाचा आणि रंगाचा. विजेच्या दिव्यांचा प्रकाश आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि चित्रात त्याचे आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ रीतीत उघडझापेचा काळ 1/100 सेकंद ठेवला की ते जातात, किंवा बॅटरीवरचा दिवा वापरावा. परंतु याहून मोठा धोका रंगाचा आहे. फोनला सर्व क्षेत्र जांभळे दिसले की तो ते आपल्या समजुतीप्रमाणे ‘दुरुस्त’ करू पाहतो, आणि ज्या रंगावर आपला सगळा पुरावा उभा, तोच करडा पडतो. म्हणून काचपट्टीचा रिकामा भाग दृष्टिक्षेत्रात आणून पांढऱ्या रंगाचे प्रमाण तेथे ठरवावे, आणि ते, प्रकाशाचे मान व फोनची स्पष्टता ही तिन्ही कायम करून मगच पापुद्रा खाली आणावा. यापुढे स्पष्टता साधायची ती सूक्ष्मदर्शकाच्या बारीक स्क्रूने, फोनने नव्हे.

प्रमाणाचीही व्यवस्था याच वेळी लावून घ्यावी. ‘शंभर पट मोठे’ असे चित्राखाली लिहिणे निरर्थक आहे, कारण तेच चित्र एकाच्या हातातील फोनवर आणि दुसऱ्याच्या भिंतीवर वेगवेगळ्या आकाराचे दिसते. कोणताही फेरफार न करता पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीचे मिलिमीटर प्रयोगासाठी वापरायच्या दहा पटींच्या वस्तुभिंगाखालीच टिपून ठेवावे. समजा, 1920 बिंदू रुंदीच्या चित्रात एक मिलिमीटर 960 बिंदूंना व्यापतो. तर 96 बिंदू लांबीची रेघ ही 0.1 मिलिमीटरची झाली. ती रेघ चित्राच्या कोपऱ्यात आखली की पडदा कोणताही असो, पेशीचा आकार प्रेक्षक स्वतः ताडू शकतो.

आता प्रत्यक्ष प्रयोग. पापुद्रा पाण्याच्या थेंबात पसरावा, आच्छादन-काच एका कडेवर टेकवून तिरकी, हळूहळू खाली सोडावी म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत, आणि पापुद्र्याचा मधला भाग निवडावा. फाटलेल्या काठावरच्या पेशी मेलेल्या असतात, त्यांचा रंग अगोदरच पाझरून गेलेला असतो. चित्रण सुरू करून मिनिटभर काहीही न करता तसेच चालू द्यावे. शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम मीठ विरघळवून केलेल्या द्रावणाचा थेंब काचेच्या एका कडेला सोडावा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावावा. थेंब सोडताना ‘मीठ’ असा शब्द मोठ्याने उच्चारावा. नंतर ध्वनीवरून तो क्षण नेमका सापडतो. द्रावण आत शिरताना काच किंचित उचलली जाते आणि चित्र धूसर होते, तेव्हा गोंधळून न जाता बारीक स्क्रू अलगद फिरवावा, काचपट्टीला मात्र हात लावू नये. थोड्याच अवधीत एकेका पेशीच्या कोपऱ्यांतून जांभळा रंग आत सरकू लागतो, भित्तिका जागच्या जागी राहते, आणि दोहोंच्या मध्ये रंगहीन पोकळी दिसू लागते. ही पोकळी रिकामी नसते, तिच्यात मिठाचेच द्रावण असते, कारण भित्तिका त्याला अडवीत नाही. अडविते ते प्रद्रव्यपटल. पर्णरंध्रांभोवतीच्या पेशी बहुतेक रंगहीन असल्याने त्यांत काही घडले नाही असे भासते, याचा खुलासा निवेदनात अवश्य यावा.

येथे चिकित्सक प्रेक्षक विचारील की, दिव्याच्या उष्णतेने पाणी आटूनही हाच परिणाम झाला नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. म्हणून दुसरा पापुद्रा केवळ पाण्यात ठेवून, त्याच दिव्याखाली, तितकाच वेळ चित्रित करावा आणि तोही दाखवावा. पहिल्या पापुद्र्यावर पुन्हा साधे पाणी ओढून घेतले की जिवंत पेशींतील रंग पसरत पसरत भित्तिकेपर्यंत परततो. ज्यांचा परतत नाही किंवा फिका होऊन आसमंतात मिसळतो, त्या पेशी मेल्या. ही उलट क्रिया टिपली जाणे अत्यावश्यक आहे, कारण ती जिवंतपणाची कसोटी आहे.

आणि नेमकी येथेच लबाडीला जागा मिळते. परतीचे चित्रण कंटाळवाणे म्हणून किंवा पापुद्रा निसटला म्हणून, पहिलीच फीत उलटी चालवून ‘आता पेशी पूर्ववत होत आहेत’ असे सांगणे संपादनाच्या यंत्रावर एका कळीचे काम आहे. ते ओळखताही येते. काचेखालचे धूलिकण आणि सुटे कण प्रवाहाबरोबर नेहमी थेंबाकडून टिपकागदाकडे वाहतात. उलट्या फितीत ते टिपकागदाकडून थेंबाकडे जाताना दिसतात. खऱ्या परतीत काही पेशी मागे राहतात, मरतात, कोणी लवकर तर कोणी उशिरा फुगते. उलट्या फितीत प्रत्येक पेशी आपल्या मूळ आकारावर काटेकोरपणे येऊन थांबते. वेग वाढविण्यास माझी हरकत नाही. दहा मिनिटांचे चित्रण सव्वा मिनिटात दाखवावे, पण पडद्यावर ‘आठ पट वेग’ असे लिहावे आणि शेजारी घड्याळ चालू ठेवावे.

सभागृहात जे शिक्षक आणि विज्ञानप्रदर्शनांचे परीक्षक आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, विद्यार्थ्याकडून सजविलेली फीत घेताना तिच्यासोबत तिचे अखंड, न कापलेले मूळ चित्रणही मागून घ्यावे, आणि गुण देण्यापूर्वी त्यातील धूलिकण कोणत्या दिशेने वाहतात ते एकदा पाहावे.