चाई की गजकर्ण?

मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब आटोपल्यावर एका ताईंनी आपल्या तिसरीतल्या मुलाची टोपी काढली. कानाच्या वर रुपयाएवढी जागा मोकळी झाली होती. एक म्हणाली, "किड्यानं केस खाल्ले, बिब्बा लाव." दुसरी म्हणाली, "गजकर्ण आहे, मेडिकलातून ट्यूब आण." शाळेत तर मुलं त्याच्याजवळ बसेनाशी झाली होती.

आम्ही त्याला दारातल्या उजेडात बसवलं. मोकळी जागा गुळगुळीत होती, तळहातासारखी. कोंडा नाही, लाली नाही, खाज नाही. कडेला काही आखूड केस होते, टोकाला जाड आणि मुळाशी बारीक. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डेही दिसले. ही चाईची लक्षणं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

चाईत किडा नसतो. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून केसांच्या मुळांवरच हल्ला करतात. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. एखाददुसरा लहान चट्टा असेल तर बहुतेक वेळा वर्षभरात भरून येतो. नवे केस आधी पांढरे आले तरी घाबरू नका. काहींना पुन्हा चट्टे पडतात. चट्टे वाढत गेले किंवा भुवयांचे केस गळू लागले तर डॉक्टरांना लवकर दाखवा. चाई कोणाला लागत नाही, एका बाकावर बसल्यानं तर नाहीच. आणि बिब्ब्यानं मात्र कातडी भाजते, फोड येतात. लेकराच्या डोक्याला तो लावूच नका.

गजकर्णाचं रूप वेगळं. तिथं कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, खाज येते, केस मुळाशी तुटून काळे ठिपके उरतात. मानेमागं गाठी हाताला लागतात. कधी पू भरलेली मऊ सूज येते. तिला गळू समजून चिरा देऊ नये. तीही बुरशीच असते, आणि उशीर झाला तर तिथले केस कायमचे जातात.

ट्यूबचं आमचं मत ऐकाच. डोक्यातली बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, वरचं मलम तिथं पोचत नाही. त्यात दुकानातल्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, पण बुरशी आत वाढत राहते आणि मग डॉक्टरांनाही ओळखणं जड जातं. डॉक्टर पापुद्रे आणि तुटका केस काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मग मुलाच्या वजनाप्रमाणे पोटातून गोळ्या देतात, साधारण चार ते आठ आठवडे. ग्रिसिओफुल्विन दिली असेल तर ती दुधाबरोबर किंवा जेवणानंतर द्यावी, म्हणजे अंगी लागते. खाज गेली म्हणून मधेच थांबवायची नाही.

गजकर्ण असेल तर कंगवा, टोपी, उशीची खोळ वेगळी ठेवा आणि घरातल्या बाकी मुलांची डोकी तपासा. वासराच्या किंवा मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, बुरशी तिथूनही येते. औषध सुरू झालं की मूल शाळेत जाऊ शकतं.