बाळंतपणाची तारीख कशी काढतात?

प्रसूतीची अंदाजे तारीख काढताना शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरतात. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी 1 जूनला आली असेल, तर तारीख येते 8 मार्च, म्हणजे सुमारे 280 दिवसांनी.

हा हिशेब पाळी दर 28 दिवसांनी येते असं गृहीत धरतो. पण एखादीची पाळी 38 दिवसांनी येत असेल, तर बीज साधारण दहा दिवस उशिरा सुटतं. मग 10 ऑगस्टला पाळीप्रमाणे दहा आठवडे भरतात, पण सोनोग्राफीत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून गर्भ साडेआठ आठवड्यांचा दिसतो. पाळीप्रमाणे दहाव्या आठवड्यापासून चौदावा पूर्ण होईपर्यंत हा फरक सात दिवसांहून जास्त असेल, तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात. इथे ती 18 मार्च होईल.

एकदा अशी ठरलेली तारीख पुढच्या सोनोग्राफीवरून बदलत नाहीत. सुरुवातीला सगळे गर्भ जवळपास सारखेच वाढतात, नंतर मात्र आकारात फरक पडतो. आठव्या महिन्यात बाळ लहान दिसलं म्हणून तारीख पुढे ढकलली, तर त्याची खुंटलेली वाढ नजरेतून सुटू शकते. म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवा आणि प्रत्येक तपासणीला सोबत न्या.