मुलगा आदर शिकतो तो बापाकडून



राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला मरताना बापाने सहा दिशांना नमस्कार करायला सांगितले होते. तो रोज ओलेत्याने हात जोडी. अर्थ मात्र ठाऊक नव्हता. भगवान बुद्धांनी त्याला अर्थ सांगितला. त्यात पश्चिम दिशा म्हणजे पत्नी. पतीची पाच कर्तव्ये सांगितली : तिचा सन्मान करणे, अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे.

यांतील शेवटचे आपण सणासुदीला पाळतो. चुकते ते दुसऱ्या आणि चौथ्या कर्तव्यात. समजा, मुलाला कोणत्या शाळेत घालायचे हे ठरत आहे. आई काही सांगू लागते आणि बाप म्हणतो, "तू गप्प बस, तुला काय कळतं?" दहा वर्षांचा मुलगा हे ऐकतो. महिन्याभरात तो बहिणीला तेच वाक्य ऐकवतो आणि जागेवरून न उठता तिला पाणी मागतो. ही खूण ओळखावी. अशा वेळी मुलाला चापट मारून उपयोग नाही. बापाने मुलासमोरच पत्नीला विचारावे, "तुझे काय मत आहे?" तिचे म्हणणे पुरते ऐकावे; पटले नाही तर कारण सांगावे. मतभेद असूनही आवाज चढवायचा नसतो, हे मुलगा तेथेच शिकतो. आणि पाण्याचा तांब्या बापाने स्वतः उठून घ्यावा.

दुसरी गोष्ट बोलण्याची. मल्लिका राणीला मुलगी झाल्याचे ऐकून कोसलचा राजा प्रसेनजित खिन्न झाला, तेव्हा मुलगीही मुलापेक्षा श्रेष्ठ ठरू शकते, असे बुद्धांनी त्याला सांगितले. आपल्या घरी "पोरीसारखा रडतोस काय?" हे वाक्य सहज निघते. त्यातून मुलाला कळते की मुलगी असणे हीच शिवी आहे. मग रस्त्यावरच्या मुलीविषयी मित्र अचकट बोलले की तो हसतो.

त्यावर आपण त्याला सांगतो, "तुझ्या बहिणीला कुणी असे म्हटले तर?" हेतू चांगला, पण शिकवण अपुरी आहे. बहीण आपली म्हणून तिचा मान, आणि जी कुणाचीच नाही तिचे काय? बापाने सरळ म्हणावे, "ती माणूस आहे, एवढे पुरे."

शाळा, सिनेमा आणि मित्र यांचा परिणाम बाप पुसू शकत नाही. परंतु चार पाहुण्यांत कुणी बाईमाणसावर हलका विनोद केला, तर आपण हसायचे की "हे बोलणे बरे नाही" म्हणायचे, हे त्याच्याच हाती आहे. दाराआड उभा असलेला मुलगा तेवढेच पाहत असतो.