बातमीची परीक्षा : आपल्याच गावातील एका घराची गोष्ट

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात, घुग्घुस येथे दिलेल्या भाषणावरून)



आम्ही बँकेत कारकून. वर्तमानपत्राशी आमचा संबंध सकाळच्या चहापुरता. तरीही पत्रकाराच्या मुलाखतीवर बोलायला आम्ही उभे आहोत, त्याचे कारण असे की, बी.ए. झाल्यावर एका दैनिकाच्या उपसंपादकपदाच्या चाचणीत आम्ही नापास झालो होतो. एका अपघाताच्या दहा-बारा तुटक नोंदी देऊन तासाभरात बातमी लिहायला सांगितली होती. आम्ही नियतीच्या क्रूरपणापासून सुरुवात केली. कागद परत देताना तेथील गृहस्थ एवढेच म्हणाले, "तुमची बातमी तिसऱ्या परिच्छेदात सुरू होते." त्या वाक्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला.

गेल्या वर्षी आमच्या पुतणीला अशाच मुलाखतीचे बोलावणे आले. सोबत स्वतःचे लेखन आणि बातम्यांच्या तीन कल्पना आणायला सांगितले होते. सरावासाठी आम्ही दूरची घटना शोधली नाही. आपल्या अमराई वॉर्डातले घर २६ ऑगस्ट २०२२ रोजी जमिनीत गेले, तीच घटना घेतली. आपण सारे ती जाणतो, म्हणून येथेही तिच्याच आधारे सांगतो.

आम्ही तिला नोंदी मुद्दाम उलटसुलट क्रमाने दिल्या : घुग्घुस कोळशासाठी प्रसिद्ध, वॉर्डाखाली जुनी भूमिगत खाण असल्याचे बोलले जाते, सायंकाळची वेळ, घर खड्ड्यात गडप, घरातील माणसे वेळीच बाहेर, शेजारची कुटुंबे हलविली, खड्डा कोणी साठ फूट सांगतो, कोणी सत्तर. तिचे पहिले वाक्य होते, "काळ्या सोन्याची नगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घुग्घुसवर काळाने घाला घातला." म्हणजे काकाचीच चूक पुतणीने केली! आम्ही तिला विचारले, "तू धावत घरी आलीस तर आईला पहिले काय सांगशील?" ती म्हणाली, "आई, अमराईतलं एक घर जमिनीत गेलं. माणसं वाचली." आम्ही म्हणालो, "हीच बातमी. हेच पहिले लिही."

मग तिने लिहिले : "घुग्घुस येथील अमराई वॉर्डातील एक राहते घर शुक्रवारी (ता. २६) सायंकाळी जमिनीत गडप झाले. घरातील सर्वजण वेळीच बाहेर पडल्याने जीवितहानी टळली." दोन वाक्यांत काय, कोठे, केव्हा आणि माणसांचे काय झाले, हे आले. कोळशाची नगरी शेवटच्या परिच्छेदात गेली. पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. म्हणून शेवटचा परिच्छेद गेला तरी बातमी उभी राहिली पाहिजे. आपली बातमी तशी आहे की नाही, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे शेवटच्या चार ओळींवर हात ठेवून वाचणे.

चाचणीतली दुसरी मेख खोलीच्या आकड्यात असते. साठ आणि सत्तर यांची सरासरी काढून पासष्ट लिहिणारा उमेदवार तेथेच संपतो, कारण पासष्ट कोणीच सांगितलेले नाही. दोन आकडे असतील तर कोणता कोणी सांगितला हे लिहावे. कोणी मोजलेच नसेल तर "खोल खड्डा" एवढेच लिहावे. आम्ही बँकेत दहा रुपयांचा फरक निघाला तर तो मधोमध वाटून टाकत नाही, व्हाउचर शोधतो. येथेही तसेच.

आता कल्पनांविषयी. पुतणीने पहिल्यांदा लिहून आणले : "घुग्घुसमधील प्रदूषण", "बेरोजगारी", "अमराईची दुर्घटना". हे विषय झाले, बातमीची कल्पना नव्हे. कल्पनेत एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कोणत्या दारी मिळेल याचा पत्ता असतो. तिसऱ्या विषयातून आम्ही असा प्रश्न काढला : आपल्या गावाखालच्या जुन्या खाणींचा नकाशा कोणाकडे आहे, आणि घर बांधण्याची परवानगी देताना तो पाहिला जातो काय? बंद होणाऱ्या खाणीचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. म्हणजे विचारायला एक कार्यालय ते, दुसरे कोळसा कंपनीचे, तिसरे नगर परिषदेचे. तोंडी उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपये शुल्क भरून केंद्राच्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नकाशा मिळाला तर बातमी, आणि "आमच्याकडे नाही" असे लेखी आले तर तीही बातमी. दोन्ही बाजूंनी काही हाती लागते ती कल्पना पक्की समजावी. मात्र त्या दैनिकाचे मागचे अंक चाळून मगच ती मांडावी. त्यांनीच गेल्या महिन्यात छापलेली बातमी त्यांना सुचविण्यासारखी दुसरी फजिती नाही.

मुलाखतीत संपादकांनी तिची सरावाची बातमी तिच्यासमोरच लाल पेनने तपासली आणि वीस मिनिटांत ती निम्मी करून मागितली. "हृदयद्रावक" खोडले, ते तिने मुकाट्याने मान्य केले. "नागरिकांत घबराट" याच्या बाजूला लिहिले होते, "किती जणांशी बोललात?" ती म्हणाली, "सर, दोघांशी." मग त्या जागी त्या दोघांचे म्हणणे आले. लाल खूण म्हणजे रागावणे नव्हे, तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर माहितीने द्यावे. "मला असे म्हणायचे होते" हे उत्तर नव्हे, कारण वाचकाच्या घरी जाऊन आपण ते सांगू शकत नाही.

शेवटी त्यांनी स्वतः मथळा लिहिला : "खाणीमुळे घर गडप". येथे मुलगी अडखळली. नोकरी देणारा समोर, मथळा त्यांच्या हातचा आणि घरची परिस्थिती तुम्ही जाणता. तरी ती म्हणाली, "सर, कारण खाण आहे असं लोक म्हणतात, पण माझ्याकडं कोणाचा अहवाल नाही. 'घुग्घुसमध्ये घर जमिनीत गडप' एवढं लिहू का? कारणाचं आत, कोण म्हणतो ते सांगून लिहिते."

मित्रहो, हा शब्दांचा खेळ नव्हे. घर पावसाने खचले की खाणीने, यावर भरपाई कोणाच्या दारी मागायची हे ठरते. आधाराविना खाणीचे नाव छापले तर उद्या खुलासा छापावा लागतो, आणि त्या खुलाशाचा कागद त्याच घरमालकाविरुद्ध पुढे केला जातो. आपल्याच माणसाच्या बाजूने लिहिताना आधार अधिक लागतो, कमी नव्हे.

संपादकांनी तिच्याकडे पाहिले आणि आपला मथळा खोडला. तो त्यांनी मुद्दाम लिहिला होता की सहज, हे तिला आजही ठाऊक नाही. तीन महिन्यांच्या उमेदवारीवर तिला घेतले आहे. पुढचे पुढे.

विद्यार्थ्यांनी एवढे करावे. आजच्या या मेळाव्याची बातमी घरी जाऊन दीडशे शब्दांत लिहावी आणि उद्या सायंकाळी विहारात आणून द्यावी. लाल पेन घेऊन आम्ही तेथे बसलेले असू. पहिल्या वाक्यात अध्यक्षांचे नाव आले तर ते आम्ही खोडणार आहोत. अध्यक्ष महोदयांनी राग मानू नये.

जयभीम.