मानपत्र: गौरव आणि हिशेब



कोल्हापुरात सत्कारसमारंभांना तोटा नाही. शाहू जयंतीला राजर्षींच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. त्याखेरीज सहकारी संस्था, वाचनालये, शिक्षणसंस्था आणि कामगार संघटना यांचे सत्कार वर्षभर चालूच असतात. अशा प्रत्येक समारंभात शाल आणि श्रीफळ यांच्या आधी दोन मिनिटांचा एक भाग असतो. एक कार्यकर्ता उठतो, ध्वनिक्षेपकापुढे येतो आणि सत्कारमूर्तीचे मानपत्र वाचतो. कार्यक्रमाच्या आखणीत या भागाचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि बहुधा तो आदल्या रात्री घाईने लिहिला जातो.

वस्तुतः समारंभ संपल्यावर तेवढेच शिल्लक राहते. हार कोमेजतो, शाल कपाटात जाते. मानपत्र मात्र चौकटीत बसून भिंतीवर लागते. त्यातील वाक्ये दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येतात, पुढे गौरवग्रंथात जातात आणि शेवटी मृत्युलेखात उतरतात. मानपत्रात एक चूक शिरली की ती अशा रीतीने इतिहास होऊन बसते. शिवाय ज्याच्याविषयी ती झाली, तो मनुष्य समोर बसलेला असूनही सभेत उठून ती दुरुस्त करू शकत नाही. म्हणून मानपत्राची जबाबदारी भाषणापेक्षा अधिक आहे.

कोल्हापुरातीलच एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. भाई माधवराव बागल हे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या नावाने मानपत्र लिहायचे आहे असे समजू. सर्वसाधारण मसुदा साधारणतः असा निघेल: ‘थोर विचारवंत, झुंजार नेते, दीनदलितांचे कैवारी, कलामहर्षी भाई माधवराव बागल यांनी प्रजा परिषद स्थापून कोल्हापूर संस्थान खालसा केले आणि बाबासाहेब आंबेडकरांचा जगातील पहिला पुतळा उभारून समतेची ज्योत अखंड तेवत ठेवली.’ ऐकताना टाळ्या पडतील. पण या एका वाक्यात चार दोष आहेत आणि ते एकेक करून तपासण्यासारखे आहेत.

पहिला दोष विशेषणांचा. त्याची कसोटी सोपी आहे. मानपत्रातील नाव खोडावे आणि त्या जागी जिल्ह्यातील दुसऱ्या कोणत्याही नेत्याचे नाव लिहावे. वाक्य तसेच शोभत असेल, तर ते सत्कारमूर्तीविषयी काहीच सांगत नाही. ‘झुंजार नेते’ कोणालाही चालते. ‘मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेला हा माणूस राजकारणात उतरला’ हे वाक्य मात्र दुसऱ्या नावाला सहसा चिकटत नाही. मानपत्राचा जिव्हाळा अशाच तपशिलातून येतो. आपल्याविषयी कोणीतरी कष्ट घेऊन माहिती करून घेतली आहे, हे सत्कारमूर्तीला त्यातून कळते आणि तोच खरा आदर असतो.

दुसरा दोष श्रेयाचा. प्रजा परिषद 1939 साली उभी राहिली, ती माधवरावांच्या पुढाकाराने. पण रत्नाप्पा कुंभार यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासोबत होते आणि त्यांच्यामागे खेड्यांतील शेतकरी होते. ‘स्थापन केली’ असे एकवचनी लिहिताच बाकीचे सारे पुसले जातात. चळवळीच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. सभागृहात त्या सहकाऱ्यांची मुले-नातवंडे बसलेली असतात. ती घरी जाताना काय घेऊन जातात, याचा विचार लिहिणाऱ्याने केला पाहिजे. ‘सहकाऱ्यांसह’ हा एक शब्द घातल्याने सत्कारमूर्तीचा मान तिळभरही कमी होत नाही. उलट संघटक म्हणून त्याचे मोठेपण त्यातच दिसते.

तिसरा दोष कार्यकारणाचा. कोल्हापूर संस्थान 1949 साली मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामागे स्वतंत्र भारताच्या सरकारचे संस्थानविषयक धोरण होते, दरबाराची संमती होती आणि प्रजेच्या चळवळीचा रेटाही होता. ‘खालसा केले’ असे म्हटल्याने अनेक कारणांचा परिणाम एका माणसाच्या खात्यावर जमा होतो. प्रामाणिक वाक्य असे होईल: ‘संस्थानी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती मिळावी म्हणून त्यांनी लढा दिला आणि तुरुंगवास सोसला.’ माणसाने काय केले ते सांगावे. पुढे काय घडले ते वेगळे सांगावे. दोहोंमध्ये ‘म्हणून’ घालायचा असेल, तर त्याला पुरावा हवा.

चौथा दोष ‘पहिला’ या शब्दाचा. मानपत्रात याच्याइतका मोह दुसऱ्या कोणत्याही शब्दाचा नसतो. ‘जगातील पहिला’ म्हणायचे तर जगातील बाकीचे सर्व पुतळे कोणीतरी तारखेनिशी तपासलेले असावे लागतात. असा तपास केलेला नसतो. एकाने लिहिले म्हणून दुसरा लिहितो. आणि गंमत अशी, की या दाव्याची येथे गरजच नाही. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले ते 1950 साली. बाबासाहेबांचे निर्वाण 6 डिसेंबर 1956 चे. म्हणजे बाबासाहेब हयात असताना, राज्यघटना अमलात आली त्याच वर्षी, शहराच्या ऐन मध्यावर फुल्यांच्या जोडीने त्यांचा पुतळा उभारला गेला. हे सत्य ‘जगातील पहिला’पेक्षा अधिक बोलके आहे आणि दोन तारखा शेजारी ठेवून ते कोणालाही पडताळून पाहता येते.

पुरस्कार ज्याच्या नावाचा, त्याच्याविषयीच्या वाक्यालाही हाच न्याय लावावा लागतो. शाहू महाराजांनी ‘दलितांना पन्नास टक्के आरक्षण दिले’ असे वाक्य अनेक मानपत्रांच्या आरंभी आढळते. 26 जुलै 1902 चा हुकूम नेमका तसा नाही. महाराज त्या वेळी विलायतेत होते. संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, असा तो हुकूम होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व ते मागासलेले, अशी त्यात व्याख्या होती. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावयाची होती आणि नेमणुकांचा तिमाही तक्ता खातेप्रमुखांनी सादर करावयाचा होता. या तिमाही तक्त्याचा उल्लेख मानपत्रात सहसा नसतो. खरे तर महाराजांची दृष्टी त्यातच दिसते: हुकूम काढून ते थांबले नाहीत, त्याचा हिशेब मागितला.

आता मसुदा नव्याने लिहून पाहू. मानपत्राचे दोन प्रकार रूढ आहेत. चौकटीत बसवायचे मानपत्र ‘आपण’ म्हणून सत्कारमूर्तीला उद्देशून असते; व्यासपीठावरून वाचायचे निवेदन सभेला उद्देशून, ‘त्यांनी’ या रूपात असते. कोणताही प्रकार घ्यावा, पण मध्येच बदलू नये. वाचण्याचा मजकूर असा होऊ शकेल:

‘चित्रकार होण्यासाठी माधवराव बागल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. घरी त्यांचे वडील खंडेराव बागल सत्यशोधक विचारांचे वकील आणि “हंटर” या साप्ताहिकाचे संपादक होते. चित्रकाराची नजर आणि सत्यशोधकाची जिद्द घेऊन माधवराव कोल्हापूरच्या सार्वजनिक जीवनात उतरले. 1939 साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रजा परिषद उभी केली. संस्थानी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती मिळावी म्हणून त्यांनी लढा दिला आणि तुरुंगवास सोसला. 1950 साली, डॉ. आंबेडकर हयात असताना, बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या लढ्यातही ते आघाडीवर होते. 1972 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. बिंदू चौकातून रोज जाणाऱ्या हजारो माणसांना त्यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही. पण माधवरावांनी कोणाला मान दिला, हे त्या प्रत्येकाला दिसते.’

हा मजकूर शंभराच्या थोडा वर शब्दांचा आहे. सभेत सावकाश वाचताना मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. म्हणजे सव्वा मिनिटाच्या आत तो संपतो. दोन मिनिटांपलीकडे गेल्यास सत्कारमूर्ती उभा राहून अवघडतो आणि श्रोते कुजबुजू लागतात. यात घेतले त्याहून वगळले अधिक आहे. माधवरावांचे सारे लेखन, सारी आंदोलने यात नाहीत. सगळे घालावयाचे म्हटले की यादी होते आणि यादी कोणी ऐकत नाही. ज्या एका कृतीत माणूस पूर्ण दिसतो ती शेवटी ठेवावी, म्हणजे टाळ्या त्या कृतीला पडतात.

राहता राहिली पडताळणी. सत्कारमूर्ती हयात असेल, तर मसुदा चार दिवस आधी त्याला किंवा घरच्यांना दाखवावा. सनावळी, नावाची अक्षरे आणि सहकाऱ्यांची नावे या तीन गोष्टी त्याच्याकडूनच पक्क्या कराव्यात. तुरुंगवासाचे महिने, शाळांची संख्या, सभासदांची संख्या असे आकडे कागदावर सापडले तरच घालावेत. न सापडल्यास आकडा वगळावा. ‘अंदाजे’ म्हणून मोठा आकडा घालणे ही सत्कारमूर्तीची सेवा नव्हे, कारण पुढे तो खोटा ठरला की त्याची नाचक्की होते, लिहिणाऱ्याची नव्हे. वाचणाऱ्याने मसुदा आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचावा; जेथे श्वास अडतो तेथे वाक्य तोडावे. सत्कारमूर्तीचे पूर्ण नाव शेवटच्या वाक्यात घेऊन क्षणभर थांबावे आणि मगच पुरस्कार देणाऱ्याकडे वळावे.

चळवळीत काम करणाऱ्या माणसाला पगार नसतो, बढती नसते. आयुष्याच्या उतरणीला त्याच्या कामाची पावती म्हणून समाज त्याच्या हाती देतो तो एवढाच कागद. त्या पावतीवरचे आकडे आणि नावे खरी असावीत, एवढी मागणी त्याच्या वतीने कोणीतरी केलीच पाहिजे. ज्या कार्यकर्त्यावर मानपत्र लिहिण्याचे काम येईल, त्याने ती स्वतःकडेच करावी.