वर्णनात ‘सबस्क्राइब करा’ कुठे लिहायचं?

उन्हाळा आला की गटातल्या बायका कुरडया-पापडाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. व्हिडिओखाली जे लिहितो त्याला वर्णन म्हणतात, म्हणजे डिस्क्रिप्शन. आज तेवढ्यावरच बोलू.

बहुतेक वर्णनं अशी सुरू होतात: ‘नमस्कार, आमच्या चॅनेलवर स्वागत. चॅनेल सबस्क्राइब करा, लाइक करा, शेअर करा, घंटी दाबा, कमेंट करा.’ कुरडईचं नाव येतं थेट पाचव्या ओळीला! वर्णनात पाच हजार अक्षरं मावतात, त्यामुळे जागा कमी पडत नाही. कमी असते ती सुरुवातीची जागा. कॉम्प्युटरवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, फोनवर तर वर्णन दाबून उघडावं लागतं. व्हिडिओ कशाचा आहे हे यूट्यूब शीर्षकाबरोबर वर्णनावरूनही ओळखतं, आणि महत्त्वाचे शब्द सुरुवातीलाच लिहा, असं ते स्वतःच सांगतं. ‘सबस्क्राइब करा’ तर लाखो व्हिडिओंखाली आहे. त्यावरून कुरडई कशी ओळखू यावी?

म्हणून सुरुवात अशी करा: ‘गव्हाच्या चिकाच्या कुरडया. गहू तीन दिवस भिजवून चीक काढणं, शिजवणं, सोऱ्याने घालणं आणि वाळवणं. कुरडई तुटू नये म्हणून चीक किती शिजवायचा तेही दाखवलंय.’ शोधणारी बाई ‘कुरडई का तुटते’ असंच टाइप करते, तेच शब्द इथे आले. त्याखाली साहित्य आणि कृती लिहा.

कृती संपली की एक ओळ मोकळी सोडा आणि मग विचारा: ‘तुमच्याकडे कुरडईसाठी गहू किती दिवस भिजवतात? कमेंटमध्ये लिहा.’ नुसतं ‘कमेंट करा’ म्हटलं तर कोण काय लिहिणार? प्रश्नाला मात्र उत्तर येतं. त्याखाली सबस्क्राइबची एकच ओळ: ‘पुढच्या वाळवणाच्या कृतींसाठी चॅनेल सबस्क्राइब करा.’ वर्णन न उघडणारीलाही प्रश्न दिसावा, तर तोच स्वतः कमेंटमध्ये लिहून वर पिन करा.

याच्या उलटही चूक होते. कुणी तरी सांगतं की शब्द महत्त्वाचे, मग ‘कुरडई, कुरडया, कुरडई रेसिपी, पापड, पापड्या’ अशी रांगच लावली जाते. वर्णनात असे शब्द कोंबणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, व्हिडिओ काढूनही टाकला जाऊ शकतो. वाक्यात सहज येईल तेवढंच लिहा.

आणखी एक. कॉम्प्युटरवर यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ‘अपलोड डिफॉल्ट्स’ असतं. तिथे कधी काळी भरलेला मजकूर कॉम्प्युटरवरून ब्राउझरमधून टाकलेल्या प्रत्येक नव्या व्हिडिओच्या वर्णनात आपोआप येतो. तुमच्या सगळ्या व्हिडिओंची पहिली ओळ सारखीच दिसत असेल, तर आधी तिथे बघा. सबस्क्राइबची ओळ तिथे राहू द्या, फक्त नवं वर्णन तिच्या वरती लिहायचं.